पेंटच्या प्लास्टिक डब्याचं झाकण उघडताना

आधी झाकणाच्या कडेला सीलची पट्टी आहे का बघ, असेल तर ती पूर्ण गोल ओढून काढ, कारण ती अर्धवट राहिली की झाकण हलत नाही आणि मग आपण जोर लावतो, तिथेच काठ जातो. वरची धूळ पुसून घे.

स्क्रूड्रायव्हर रुंद पात्याचा घे, बारीक पातं प्लास्टिकमध्ये रुततं. पातं झाकणाच्या ओठाखाली आडवं सरकव आणि दांडा खाली दाबू नकोस, चावीसारखा थोडासा फिरव, म्हणजे सगळा भार डब्याच्या काठावर एकाच जागी येत नाही. झाकण जरासं उचललं की थांब, दोन-तीन इंच पुढे जा, परत तेच. एका जागी पूर्ण उघडायला गेलास तर काठ आत दबतो नाहीतर पांढरी रेघ उमटते, ती दिसली की समज प्लास्टिक ताणलंय, जागा बदल. अख्खी फेरी झाली की हाताने उचल, अजून अडत असेल तर दुसरी फेरी मार.

काठ नीट हवा कारण चीर पडली की हवा आत जाते आणि उरलेल्या इमल्शनवर साय धरते. बंद करताना पण खाचेतला रंग ओल्या फडक्याने पुसूनच झाकण दाब.