पहिला नंबर ‘वाया’ जातो का?

“सर, पहिल्या नंबरवर मोठं कॉलेज टाकलं आणि ते नाही मिळालं, तर दुसऱ्या नंबरचं कॉलेज तोवर दुसऱ्यांनी पळवलेलं असेल ना? त्यापेक्षा जे नक्की मिळणार तेच वर टाकलं तर?”

इंजिनीअरिंगच्या कॅप राउंड, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या, सुरू झाल्या की दर वर्षी हा प्रश्न माझ्या टेबलावर येतो, बहुतेक वेळा वडिलांच्या तोंडून. गेल्या मोसमात आलेले एक वडील तर यादी लिहूनच घेऊन आले होते. शेजारी मुलगी गप्प बसलेली.

मुलीचा मेरिट नंबर साधारण 18,000. तिला मनापासून हवं होतं ते कॉलेज आदल्या वर्षी 15,000 च्या आसपास बंद झालेलं, म्हणजे शेवटची जागा त्या मेरिट नंबरला गेलेली, दुसऱ्या आवडीचं 17,500 ला आणि तिसरं 20,000 ला. वडिलांनी तिसरं उचलून पहिल्या नंबरवर ठेवलं होतं. “हे हातचं जायला नको,” एवढंच त्यांचं म्हणणं.

अशा वेळी नियम वाचून दाखवून काही होत नाही, हा माझा जुना अनुभव. भीती कानाने जात नाही, हाताने जाते. म्हणून मी चार चिठ्ठ्या केल्या. त्या चार मुलांच्या होत्या आणि प्रत्येकीवर मेरिट नंबर व पसंतीक्रम लिहिला होता. कॉलेजं तीन, प्रत्येकात एकच जागा. वडिलांना म्हटलं, “आता संगणक तुम्ही. मेरिटने वरचा मुलगा आधी घ्या, त्याची यादी वरून खाली वाचा. जिथे जागा दिसेल तिथे त्याला बसवा, मग पुढची चिठ्ठी.”

दोन मुलं बसली. तिसऱ्याचे पहिले दोन पर्याय भरलेले होते, तिसरा रिकामा. वडिलांचा हात थांबला. “पण ह्या चौथ्याने हेच कॉलेज पहिल्या नंबरवर लिहिलंय. ह्याने तर तिसऱ्यावर.”

“मेरिट कोणाचं वरचं?”

“ह्याचं... म्हणजे तिसऱ्याचं.”

“मग जागा कोणाची?”

बराच वेळ ते चिठ्ठ्यांकडेच बघत राहिले. मग मुलीकडे वळून म्हणाले, “म्हणजे कोणी कितव्या नंबरवर लिहिलंय, हे दुसऱ्याशी ताडून बघतच नाहीत!”

मला वाटतं, ह्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. पसंतीक्रम हा तुमच्या स्वतःच्या पर्यायांतला क्रम आहे, इतरांशी लावलेली शर्यत नव्हे. तिसरा पर्याय तिसऱ्या नंबरवर लिहिल्याने तुमचा त्यावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. प्रत्यक्षात प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी, मुलींच्या जागा असे जागांचे प्रकार असतात, पण प्रत्येक प्रकारात चाल हीच.

उलट ‘नक्की मिळणारं’ वर टाकण्यात खरा तोटा आहे. 2025-26 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्की, होत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तसंच. ती जागा घ्यायची, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्या बंद. वडिलांच्या यादीने मुलीला पहिल्याच फेरीत तिसऱ्या आवडीच्या कॉलेजात बंद केलं असतं, आणि त्यांना वाटलं असतं, बघा, पहिला नंबर लागला!

यादी आवडीप्रमाणे लावली. खाली 26,000 ला बंद झालेलं एक कॉलेजही ठेवलं, कारण आदल्या वर्षीचे आकडे ह्या वर्षी जसेच्या तसे येत नाहीत. पहिल्या फेरीत मिळालं ते तिसरंच कॉलेज. पण ते पहिला पर्याय नसल्याने फ्रीझ न करता, जागा स्वीकारून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी, जाता आलं. दुसऱ्या फेरीआधी मी तिला एवढंच विचारलं, “वरच्या तीनांपैकी कोणतंही आलं तर हसत जाशील?” (हा प्रश्न मी वडिलांना विचारत नाही.) वरच्यांनी सोडलेल्या जागा खाली सरकल्या आणि तिला दुसरा पर्याय मिळाला. पहिल्या तीनांतला म्हणून फ्रीझ झाला आणि आधीची जागा आपोआप सुटली.

फॉर्म भरताना एकदा गाडी घसरता घसरता राहिली. मुलगी पर्याय सेव्ह करून उठली होती. “झालं की, जोसामध्ये शेवटचं सेव्ह केलेलंच लॉक होतं,” तिच्या मैत्रिणीने सांगितलेलं. जोसा म्हणजे आयआयटी-एनआयटीची प्रवेश प्रक्रिया, तिच्यासाठी ते खरं आहे. राज्याच्या कॅपमध्ये मात्र ऑप्शन फॉर्म स्वतः कन्फर्म करावा लागतो, नुसता सेव्ह केलेला फॉर्म वाटपात धरत नाहीत. तिला परत बसवलं. कन्फर्म करण्याआधी यादीतला प्रत्येक चॉइस कोड, कॉलेज आणि शाखा वडिलांनी मोठ्याने वाचली, तिने कागदावर खूण केली. पाचव्या नंबरवर शाखा चुकलेली सापडली.

ती दुरुस्त केली, फॉर्म कन्फर्म झाला आणि प्रिंट घेऊन दोघं गेले. चिठ्ठ्या वडील खिशात टाकून घेऊन गेले, शेजाऱ्यांच्या मुलाला दाखवायला.