खोटा अहवाल उघडा कसा पडतो?

तुझ्या कादंबरीचा नायक जमिनीच्या पाहणीचा सरकारी अहवाल वाचतो आणि लगेच ओळखतो की तो खोटा आहे. कशावरून? ते वाचकाला दिसू दे.

समज, पाहणीची तारीख 14 जुलै आहे. जमीन ‘कोरडी, पडीक’, आणि फोटोत पिवळं गवत. गोव्यात जुलैत शेतात गुडघाभर चिखल असतो रे! मग तो त्याच सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या जमीन-नोंदीचा, उतारा काढतो. तिथे सगळं क्षेत्र भाताच्या रकान्यात. बस्स, एवढं पुरे. कागदांचा ढीग नको.

आता नायकाने विश्वास कुणावर ठेवायचा? हे संवादातून सांगू नकोस, माझ्या पहिल्या हस्तलिखितात मी तीच चूक केली होती. त्याऐवजी, पर्वरीच्या सचिवालयात तो मंत्र्यांच्या ओएसडीला फक्त तारखेबद्दल विचारतो आणि आवक-जावक सांभाळणाऱ्या शिरोडकरबाईंना फक्त फोटोबद्दल. चार दिवसांनी फाइल परत येते: तारीख मार्चची झालेली, फोटो तोच. म्हणजे बातमी ओएसडीकडून फुटली. बाईंच्या जावक वहीत मात्र जुलैची नोंद तशीच, खाडाखोड नाही.

पण बाईंना एकदम साध्वी करू नकोस. वही दाखवण्याआधी त्यांनी दार लावून घ्यावं, आणि ‘म्हजें नांव खंयच येवपाक जायना’ म्हणावं.