कोऱ्या रकान्यांमुळे एनपीएस उणे येणे

*प्रश्न: "२०० ग्राहकांना फॉर्म पाठवला, ५० जणांनी गुण दिलेच नाहीत. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ९-१० दिले असूनही एनपीएस उणे २.५ येतो. कुठे चुकते आहे?"*

एनपीएस म्हणजे ९-१० गुण देणाऱ्या प्रमोटरांच्या टक्केवारीतून ०-६ देणाऱ्या डिट्रॅक्टरांची टक्केवारी वजा करून येणारा आकडा; ७-८ देणारे पॅसिव्ह. हा आकडा पाहून मला माझाच जुना अहवाल आठवला. तुम्ही गट पाडण्यासाठी साधे `IF` वापरले असावे, असा माझा अंदाज आहे. एक्सेल तुलना करताना कोरा रकाना शून्य धरते. त्यामुळे उत्तर न देणारा प्रत्येक जण डिट्रॅक्टर ठरतो. उलट, एखाद्या सूत्राने रकान्यात `""` ठेवले असेल, तर ते मजकूर म्हणून कोणत्याही संख्येपेक्षा मोठे मानले जाते आणि तोच ग्राहक प्रमोटर होतो.

माझ्या वेळी अहवाल विभागाने कोऱ्या जागी ० भरण्याचा आग्रह धरला आणि दोनदा लेखी विचारूनही कारण दिले नाही. मी ते मान्य केले, ही माझी सर्वांत महाग चूक. कोणी खरोखर ० दिला आणि कोणी काहीच दिले नाही, हे नंतर वेगळे करता आले नाही. म्हणून मूळ रकान्याला हात लावू नका. सूत्र असे ठेवा:

```
=IF(COUNT(B2:B201)=0,"",
 (COUNTIF(B2:B201,">=9")-COUNTIF(B2:B201,"<=6"))
 /COUNT(B2:B201)*100)
```

`COUNT` फक्त संख्या मोजते, म्हणून छेदात १५० येतील. मात्र मजकूर म्हणून साठलेला ९ हे सूत्र गुपचूप वगळते. त्यासाठी `COUNTA` वजा `COUNT` करून पाहा; फरक शून्य नसेल, तर आधी ते रकाने तपासा.

व्यवस्थापकांसाठीच्या तक्त्यात पाठवलेले आणि उत्तरे हे दोन्ही स्तंभ हवेतच. तुमच्या आकड्यांशी जुळणारे उदाहरण असे:

| गट | पाठवले | उत्तरे | प्रमोटर | पॅसिव्ह | डिट्रॅक्टर | एनपीएस |
|---|---|---|---|---|---|---|
| अ | १४० | १२० | ६६ | ३६ | १८ | +४० |
| ब | ६० | ३० | ९ | ९ | १२ | −१० |
| एकूण | २०० | १५० | ७५ | ४५ | ३० | +३० |

एकूण ओळीत ४० आणि −१० यांची सरासरी घेतली, तर १५ येते आणि ते चूक आहे. ७५ मधून ३० वजा करून १५० ने भागले की खरा ३० मिळतो. कोऱ्या ५० जणांना डिट्रॅक्टर धरले, तर ७५ वजा ८०, भागिले २००, म्हणजे तुमचा उणे २.५. एनपीएसपुढे टक्क्याचे चिन्ह लावू नका, कारण वाचणारा त्याला समाधानी ग्राहकांचे प्रमाण समजतो.

मी संख्याशास्त्राचा अभ्यासक नाही, तरी माझे ठाम मत सांगतो: ब गटाच्या आकड्यावरून कोणाला जाब विचारू नये. तिथे ३० च उत्तरे आहेत आणि एकाच ग्राहकाने ६ ऐवजी ९ दिले असते, तर गुण जवळपास ७ ने वाढले असते. शिवाय त्या गटातील निम्मे लोक गप्प आहेत. ते नाराज आहेत की समाधानी, हे या तक्त्यातून कळत नाही, आणि तशी टीप मी तक्त्याखालीच लिहितो.