नवऱ्याला पॅनिक अटॅक येतात तेव्हा बायकोने किती धावायचं

प्रश्न: माझ्या नवऱ्याला वर्षभरापासून पॅनिक अटॅक येतात. आता तो एकटा ऑफिसलाही जात नाही, मीच सोबत लागते. नोकरी सोडून त्याच्याजवळ राहावं का? घरचे म्हणतात राहायलाच पाहिजे.

नोकरी सोडू नका ताई. बाकीचं पुढे सांगते पण हे आधी, कारण "घरचे म्हणतात" हे वाचलं आणि मला राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या घरात इतक्यांदा ऐकलंय की आजही ऐकलं की डोकं तापतं.

माझ्या नवऱ्याला पहिला अटॅक इथे नागपुरात बर्डीला ऑफिसात आला होता. छातीत आवळल्यासारखं, हाताला मुंग्या, घाम, आता संपलो असं वाटणं. सगळे घेऊन धावले, ईसीजी काढला, नॉर्मल. "गॅस आहे" म्हणून गोळी देऊन घरी पाठवलं. मग परत आला, परत ईसीजी, परत नॉर्मल. मग इको झाला, थायरॉइड झालं, शुगर झाली, सगळं ठीक. घरात रिपोर्टची जाडजूड फाइल झाली पण याची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढूनच राहिली. आधी लिफ्ट सुटली, मग गाडी चालवणं सुटलं, मग गर्दीत जाणं, आणि शेवटी एकटं कुठेही जाणं. खिशात सॉर्बिट्रेट (कोणीतरी सांगितलं म्हणून, कोणत्याच डॉक्टरने लिहून दिलेली नव्हती), हातात पाण्याची बाटली, आणि सोबत मी. मी शाळेत शिकवते, वर्गात फोन नेता येत नाही, तर ऑफिसच्या नंबरवर फोन यायचे आणि शिपाईकाका मला वर्गाच्या दारात येऊन बोलवायचे. मी रिक्षा करून निघायची, पोचेपर्यंत हा बरा झालेला असायचा, आणि सगळे म्हणायचे, बघ, तू आली आणि लगेच बरं वाटलं त्याला.

सगळी गोम इथेच आहे. धंतोलीतल्या ज्या मानसोपचार डॉक्टरांकडे आम्ही शेवटी गेलो त्यांनी कागदावर एक डोंगर काढून दाखवला. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि तिथून आपोआप उतरायला लागतो, बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो, कोणी काही करो की न करो. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळते, ते बघून आपण अजून घाबरतो. शरीर हे फार वेळ ताणून धरू शकत नाही. मी रिक्षाने वीस मिनिटांनी पोचायची, म्हणजे डोंगराच्या उतारावर. अटॅक त्याचा त्याने ओसरलेला असायचा आणि श्रेय मला जायचं. त्याच्या मेंदूने दर वेळी एकच धडा घेतला की बायको आली म्हणून वाचलो. खिशातल्या गोळीचं, बाटलीचं तेच. ती जवळ असेपर्यंत माणसाला हे कधी कळतच नाही की ती नसती तरी तो वाचलाच असता. डॉक्टर म्हणाले, तुम्ही प्रेमाने जे करताय तेच या आजाराला खाऊ घालतंय. मला ते ऐकून राग नाही आला, सुटल्यासारखं वाटलं.

पण याचा अर्थ उद्यापासून फोन उचलणं बंद असा नाही, तसं केलं तर माणूस मोडतो आणि तुमच्यावरचा विश्वासही जातो. आम्ही दोघांनी डॉक्टरांसमोर बसून ठरवलं, त्याच्या होकाराने, आणि वहीत लिहिलं. सगळ्यात सोपं काय, सगळ्यात कठीण काय, अशी पायऱ्यापायऱ्यांची यादी. आमचं घर जयप्रकाश नगर मेट्रो स्टेशनजवळ, ऑफिस बर्डीला, मध्ये छत्रपती चौक, अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर. म्हणून मेट्रोच घेतली. पहिली पायरी, मी बाजूच्या सीटवर, फक्त छत्रपती चौकापर्यंत. मग मी त्याच डब्यात पण दुसऱ्या टोकाला. मग मी दुसऱ्या डब्यात. मग मी पुढच्या स्टेशनवर उभी, तो एकटा येणार. मग तो सरळ बर्डीपर्यंत आणि मी घरी. नियम एवढाच की भीती वाढली तरी ठरलेलं स्टेशन यायच्या आधी उतरायचं नाही, आणि एक पायरी कंटाळा येईपर्यंत रोज करायची, भीती अर्ध्यावर आली की मगच पुढची. सॉर्बिट्रेट पहिल्याच आठवड्यात घरी ठेवायला लावली, ती हृदयरोगाची गोळी आहे, तिने बीपी पडतं, डोकं ठणकतं, म्हणजे घाबरायला अजून एक कारण.

एकदा अजनी चौकाला तो उतरून गेला. मी रहाटे कॉलनीला उभी, गाडी आली, हा नाही. फोनवर रडून राहिला होता की माझ्याने होणार नाही. रिक्षाने घरी आला. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले असं होतंच, पण यादी फाडायची नाही, फक्त एक पायरी खाली या आणि उद्याच जा, कारण उतरून पळाल्यावर जितके दिवस जातील तितकी त्या जागेची भीती पक्की होते. दुसऱ्या दिवशी मी परत त्याच डब्यात दुसऱ्या टोकाला बसले. अजनी चौक गेला, त्याने माझ्याकडे बघितलं पण नाही, खिडकीबाहेर बघत होता, आणि दांड्याला धरलेला हात पांढरा पडला होता. रहाटे कॉलनी येईपर्यंत हात सैल झाला. ते मी लांबून बघितलं, आणि उठून त्याच्याजवळ न जाणं हे मी लग्नात केलेलं सगळ्यात कठीण काम आहे.

आणखी एक नागपूरचं म्हणून सांगते, मे महिन्यात प्रॅक्टिस सकाळी करा. ४५ डिग्रीत धडधड आणि घाम कोणालाही होतो, याला वाटतं अटॅक आला, आणि खरंच ऊन लागलं तर ते वेगळंच. पण "उन्हाळा संपला की बघू" हे करू नका, ते टाळणंच आहे.

आता फोनचं. तो विचारायचा "मला काही होणार नाही ना?" आणि आपण म्हणतो नाही रे, काही नाही होणार. पाच मिनिटं बरं वाटतं, परत तोच प्रश्न. शंभर वेळा उत्तर दिलं तरी एकशे एकावी वेळ येतेच. म्हणून आमचं ठरलं की हे उत्तर एकदाच, मग मी म्हणायचं, "अटॅक दिसतोय, त्रास होतोय हे कळतंय मला, आपण ठरवलंय ते कर, संध्याकाळी बोलू." आवाज प्रेमाचाच, फक्त खात्री देणं बंद. आणि शाळेच्या वेळात फोन करायचा नाही हे त्याने स्वतः लिहिलं होतं वहीत.

नेमकं त्याच काळात महालक्ष्मीला सगळे जमले आणि माझ्या नणंदबाई भरल्या पंगतीत म्हणाल्या, नवरा घाबरून मरून राहिला आणि ही त्याचा फोन नाही उचलत, प्रेम असतं तर नोकरीवर लाथ मारली असती. सासूबाई गप्प. मी पण पाहुण्यांसमोर काही बोलले नाही, तर ते आज इथे बोलते. नणंदताई, तुम्ही त्याला अमरावतीहून न्यायला यायच्या, आणायला यायच्या, बँकेचं काम तुम्ही करायच्या, लायसन्स रिन्यूचं तुम्ही करायच्या, आणि दर वेळी त्याचं घराबाहेर पडणं अजून थोडं कमी व्हायचं. त्याच्याऐवजी काम करून दिलं की आपल्याला बरं वाटतं आणि तो अजून लहान होतो. मी स्वतःला एकच प्रश्न विचारायची, मी आज जे करते त्याने पुढच्या महिन्यात याला माझी गरज कमी पडेल की जास्त? डॉक्टरकडे सोबत जाणं, गोळीची आठवण, सकाळी त्याच्याबरोबर चालणं, मेट्रोत दुसऱ्या टोकाला बसणं, हे सगळं मी केलं. ऑफिसात त्याच्यातर्फे खोटं सांगून सुट्टी घेणं नाही केलं.

गोळ्यांबद्दल थोडं, कारण इथेही घरचे मध्ये पडतात. त्याला एस्सिटालोप्राम होती. कमी डोसने सुरू करतात कारण पहिले एक-दोन आठवडे घबराट उलट वाढू शकते, आणि खरा फरक चार ते सहा आठवड्यांनी. त्याच पहिल्या आठवड्यांत घरचे म्हणतात गोळ्या मानवत नाहीत, बंद कर. बंद नाही करायच्या, डॉक्टरला फोन करायचा. बरं वाटल्यावरही बरेच महिने चालतात आणि हळूहळूच सोडायच्या. क्लोनाझेपाम सुरुवातीला थोडे दिवस दिली होती, तिची सवय लागते म्हणून ती खिशात "असू दे" म्हणून ठेवायची नाही.

हे सगळं निदान झालेल्या पॅनिकबद्दल आहे. तुमच्या नवऱ्याच्या हृदयाची एकदा नीट तपासणी झाली नसेल तर आधी ती करा, आणि नेहमीपेक्षा वेगळं दुखणं, जिना चढताना दुखणं असेल तर त्याला पॅनिक अटॅक समजून घरी बसू नका. आणि डिप्रेशन असेल तर मागे सरकण्याचा हा नियम जसाच्या तसा नाही लावायचा, तिथे माणसाकडे उठायचीच ताकद नसते, तिथे सोबत उठून अंघोळ, दोन घास, दहा मिनिटं बाहेर, हे सोबत करावं लागतं. जगण्यात अर्थ नाही, तुम्ही माझ्याशिवाय सुखी राहाल असं बोलला तर मेट्रोबिट्रो सगळं विसरा. सरळ विचारा की मरायचे विचार येतात का, विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या-औषधं उचलून ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. तो डॉक्टरकडे यायला तयारच नसेल तर तुम्ही एकट्या जाऊन भेटा, बरेच डॉक्टर घरच्यांशी बोलतात. पैशाची अडचण असेल तर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचाराची ओपीडी आहे.

नोकरीचं मी अर्धंच सांगितलं. सोडू नका, पण पहिले काही आठवडे सकाळी उशिरा येण्याची परवानगी मिळते का बघा, पायऱ्यांची प्रॅक्टिस तेव्हाच होते. आणि घरचे जे म्हणतात राहायलाच पाहिजे, त्यांना पुढच्या वेळी डॉक्टरकडे सोबत न्या, तिथे बोलू द्या. आमच्या ताईंना मी बोलावलं होतं, त्या आल्या नाहीत.