दुसरीकडे जायचं ठरलं, तर पहिल्या विद्यापीठाला काय लिहायचं?

प्रश्न: अमेरिकेत दोन ठिकाणी मास्टर्सला प्रवेश मिळालाय आणि एक नक्की केलंय. दुसऱ्या ठिकाणी असिस्टंटशिपही देऊ केली होती, तिथल्या एका प्राध्यापकांशी बरंच बोलणं झालं होतं. नकाराचं पत्र कसं लिहू? पुढे पीएचडीला तिथेच अर्ज करावासा वाटला तर हा नकार आड येईल का?

उत्तर:

पत्र लिहायला बसण्याआधी एक गोष्ट तपासा. जिथे जायचं ठरवलंय तिथे तुमची जागा खरोखर पक्की झाली आहे का? पोर्टलवर होकार नोंदला, डिपॉझिट असेल तर ते भरलं आणि त्यांची पोच ईमेलवर आली, की मगच दुसरीकडे नकार कळवा. एकदा सोडलेली जागा मागून परत मिळेलच असं नाही.

पण पोच आली की त्याच आठवड्यात कळवून टाका. तुमच्या बाबतीत असिस्टंटशिप असल्यामुळे तर उशीर नकोच. डिपार्टमेंटकडे अशा जागा मोजक्याच असतात आणि तुमचं उत्तर येईपर्यंत त्यातली एक तुमच्या नावावर अडकून राहते. त्याच जागेकडे डोळे लावून वेटलिस्टवर कुणीतरी बसलेलं असतं. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव तुम्ही ऐकला असेल. ज्या विद्यापीठांनी तो मान्य केलाय, ती असिस्टंटशिपसारख्या आर्थिक मदतीच्या ऑफरवर त्या तारखेआधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. याचा अर्थ १५ तारखेपर्यंत थांबायलाच हवं असा नाही. त्या दिवशी रात्री आलेल्या नकाराचा वेटलिस्टवरच्या मुलाला फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर त्यालाही कुठेतरी होकार द्यावा लागलेला असतो. शिवाय हा ठराव आर्थिक मदतीपुरता आहे. नुसत्या प्रवेशाची मुदत वेगळी असू शकते, ती तुमच्या ऑफर लेटरमध्येच पाहा.

आता माझी चूक सांगते, कारण ती फार जणांकडून होते. मी ज्या विद्यापीठाला नकार दिला, तिथे नुसता ईमेल पाठवला आणि काम झालं असं धरून चालले. पोर्टल उघडलंच नाही. विषयाच्या ओळीत फक्त ‘ऑफरबद्दल’ एवढंच लिहिलं होतं, अर्ज क्रमांक कुठेच नव्हता. ईमेल गेला तो ॲडमिशन ऑफिसच्या सगळ्यांसाठीच्या पत्त्यावर. तीन आठवड्यांनी मला त्यांच्याकडून डिपॉझिटची आठवण आली, पाठोपाठ हॉस्टेलचा फॉर्म आला. तेव्हा पोर्टल उघडलं तर माझ्या नावापुढे ‘उत्तराची प्रतीक्षा’ असंच दिसत होतं. म्हणजे तीन आठवडे ती जागा माझ्या नावावर पडून होती. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पोर्टलवर नकार नोंदवा, कारण जागा मोकळी होते ती तिथल्या नोंदीने. कोणत्या विद्यापीठात जाताय असं तिथे विचारलं असेल आणि सांगायला हरकत नसेल, तर सांगा. मग ईमेल पाठवा. मी आज लिहिलं असतं तर साधारण असं लिहिलं असतं:

विषय: प्रवेशाची ऑफर नाकारत आहे. पूर्ण नाव, अर्ज क्रमांक, अभ्यासक्रम, सत्र.

‘प्रवेश समितीतील सर्वांना नमस्कार. आपण मला मास्टर्सच्या अभ्यासक्रमात प्रवेश आणि सोबत असिस्टंटशिप देऊ केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पूर्ण विचार करून मी दुसऱ्या विद्यापीठातला अभ्यासक्रम निवडला आहे. त्यामुळे आपला प्रवेश आणि असिस्टंटशिप या दोन्ही ऑफर मी नाकारत आहे. पोर्टलवर आज तशी नोंद केली आहे. माझ्या गुणपत्रिकेतल्या एका नोंदीबद्दल शंका निघाली होती, तेव्हा आपल्या ऑफिसने धीराने दोनदा समजावून सांगितलं, ते माझ्या लक्षात राहील. हा ईमेल मिळाल्याची पोच द्यावी, ही विनंती.’

एवढं पुरे. ‘प्रवेश आणि असिस्टंटशिप’ असं दोन्हींचं नाव घ्यायचं कारण असं, की बऱ्याच ठिकाणी प्रवेश ग्रॅज्युएट स्कूल पाहतं आणि असिस्टंटशिप डिपार्टमेंट. एकीकडे कळलेलं दुसरीकडे लगेच पोहोचतंच असं नाही. डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला त्याच ईमेलची प्रत ठेवा.

आभाराचं वाक्य मात्र तुमचं स्वतःचं हवं. कुणी कधी तुमची अडचण सोडवली ते आठवा आणि तेवढंच लिहा. माझ्या पहिल्या मसुद्यात विद्यापीठाच्या परंपरेची स्तुती होती, माफी तीनदा मागितली होती आणि दुसरीकडे जास्त पैसे का मिळतात याचा अख्खा परिच्छेद होता. एका सीनियरने तो सगळा खोडला. ‘कारण सांगत बसलीस तर त्यांना वाटेल तू अजून घासाघीस करतेयस,’ ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. रक्कम वाढवून मागायची असेल तर ती निर्णयाआधी, वेगळ्या ईमेलमध्ये मागावी. नकाराच्या पत्रात दोन्ही विद्यापीठांची तुलना नको.

प्राध्यापकांना वेगळं लिहा, आणि ऑफिसला ईमेल गेला त्याच दिवशी. त्यांना ही बातमी ऑफिसकडून कळू नये. त्यांनी तुमच्यासाठी वेळ काढलाय, कदाचित समितीत तुमच्या बाजूने बोललेही असतील. इथे थोडं मोकळं लिहिता येतं: कोणता प्रकल्प निवडलात, त्यांच्याशी झालेल्या कोणत्या बोलण्याने तुमचा विचार स्पष्ट झाला. चार-पाच वाक्यं खूप झाली.

पीएचडीबद्दल विचारलंत. वेळेत आणि स्पष्ट दिलेला नकार माझ्या अनुभवात कुणी मनात धरत नाही. त्यांना दरवर्षी असे नकार येतात. लक्षात राहतो तो होकार देऊन मग गप्प बसणारा. त्या प्राध्यापकांकडे पुढे अर्ज करावासा वाटला, तर आजचं पत्र हाच तुमच्या ओळखीचा धागा असेल, म्हणून ते जपून ठेवा.

नकाराआधी त्या विद्यापीठाने व्हिसासाठी लागणारा आय-२० फॉर्म काढून दिला असेल तर ईमेलमध्ये एक ओळ वाढवा: तो वापरणार नाही, रद्द करावा. प्रत्येक विद्यापीठाच्या आय-२० वर स्वतंत्र सेव्हिस क्रमांक, म्हणजे अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीचा क्रमांक असतो. व्हिसाचा अर्ज आणि सेव्हिसची फी दोन्ही तुम्ही निवडलेल्या विद्यापीठाच्या क्रमांकावरच हवी, हे फॉर्म भरताना आकडे जुळवून पाहा. दोन पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये असले की चुकीचा क्रमांक उचलला जातो.

पाठवल्यावर आठ-दहा दिवसांनी पोर्टल पुन्हा उघडा. नकाराची नोंद दिसत नसेल किंवा पोच आली नसेल, तर त्याच ईमेलला उत्तर देऊन पुन्हा विचारा. नवीन ईमेल सुरू करू नका, म्हणजे पहिली तारीख त्यांच्या डोळ्यांसमोर राहील.