'फटीची रुंदी' की 'फटींमधलं अंतर'?

प्रश्न: 'रत्नागिरीत बीएस्सीला आहे. लेसर आणि दोन फटींच्या प्रयोगाचा अहवाल मराठीत लिहितोय. प्रस्तावनेत "फटींची रुंदी मोजणे" लिहू की "फटींमधलं अंतर मोजणे"? दोन्ही चालतं का?'

नाही चालत. या प्रयोगात आपण अंतर मोजतो, d. ते एका फटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत धरायचं, काठापासून काठापर्यंत नाही. रुंदी, a, ही एकाच फटीची. व्यतिकरणाचे बारीक, सारख्या अंतरावरचे पट्टे d मुळे पडतात. त्यांच्यावर विवर्तनाचा जो मोठा उजेड-अंधार पसरलेला असतो, तो a मुळे.

सिद्धांताचा परिच्छेद असा लिहिता येईल:

'लेसरचा प्रकाश कलासंबद्ध असल्याने दोन्ही फटींतून येणाऱ्या तरंगांमधील कलाफरक पडद्यावरील प्रत्येक बिंदूशी स्थिर राहतो. जेथे पथांतर तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असते, तेथे तेजस्वी पट्टा दिसतो. पडदा फटींपासून D अंतरावर असून D हे d पेक्षा फार मोठे असल्यास लगतच्या तेजस्वी पट्ट्यांमधील अंतर β = λD/d येते. म्हणून d = λD/β.'

साध्या दिव्याने प्रयोग करताना आधी एक अरुंद फट लावावी लागते. लेसरला ती लागत नाही, हे एका वाक्यात सांगितलं की पुरे.

आता रुंदी प्रस्तावनेत का यायला हवी ते पाहा. समजा हेलियम-निऑन लेसर आहे, λ = ६३२.८ नॅनोमीटर, D = २ मीटर, आणि मध्यापासून डावीकडच्या चौथ्या पट्ट्यापासून उजवीकडच्या चौथ्यापर्यंत ४०.५ मिलिमीटर भरले. पट्टे नऊ, पण मधली अंतरं आठ. β = ५.०६ मिलिमीटर, d = ०.२५ मिलिमीटर. (नवाने भागलं तर ०.२८ येतं. ही चूक वह्यांमध्ये कायम दिसते.)

फटीची रुंदी ०.०५ मिलिमीटर असेल, तर d हे a च्या पाचपट होतं आणि पाचवा पट्टा नेमका विवर्तनाच्या अंधारात पडून गायब होतो. हे माहीत नसलेला विद्यार्थी चौथ्यानंतरच्या सहाव्यालाच पाचवा समजतो. दोन्ही बाजूंच्या सहाव्यांमधलं ६०.७ मिलिमीटर तो दहाने भागतो, खरी अंतरं बारा असतात. उत्तर येतं ०.२१. म्हणून मोजणी मधल्या उजळ भागातच करावी, आणि त्याचं कारण प्रस्तावनेत द्यावं.

ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने पडताळा घेतानाही हाच घोळ होतो: आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत मोजलं तर ०.२० येतं, कारण a तेवढा वजा झालेला असतो. दोन्ही फटींचे डावे काठ धरले, तर d बरोबर मिळतो.

लेसर पॉइंटर वापरणार असाल, तर त्यावर '६३० ते ६८० नॅनोमीटर' असं छापलेलं असू शकतं. मधली किंमत धरली तरी d मध्ये सुमारे चार टक्क्यांची अनिश्चितता राहते, मग ०.२५३४ असं लिहिण्यात अर्थ नाही.