बी-साइड म्हणजे भरतीचे गाणे का?

प्रश्न : ‘रॉक अराउंड द क्लॉक’ आधी बी-साइडवर होते, असे वाचले. बी-साइड म्हणजे भरतीचे गाणे ना? मग ते इतके गाजले कसे? आणि त्या काळची रॉक गाणी दोन-सव्वादोन मिनिटांतच का संपतात?

उत्तर : दुकानात बी-साइड, म्हणजे तबकडीची मागची बाजू, दुय्यम होती; नाणे टाकले की हवे ते गाणे वाजवणाऱ्या जूकबॉक्स या यंत्रात नव्हती. तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरे या फरकातून निघतात.

आरसीए व्हिक्टर कंपनीने 1949 मध्ये मिनिटाला 45 फेरे घेणारी सात इंची छोटी तबकडी आणली. हिच्या दोन बाजूंवर एकेक गाणे असे, हीच ‘सिंगल’. कंपनी ज्या गाण्यावर पैसा लावी, रेडिओ निवेदकांना जे वाजवायला सांगे, ते ए-साइडला जाई. मागच्या बाजूला काहीतरी द्यावेच लागे, म्हणून दुसरे गाणे. भरतीचे म्हणता ते इथपर्यंत बरोबर आहे. पण तबकडी खपली की कायद्याने ठरलेली प्रत्येक गाण्यामागची दोन सेंटपर्यंतची रॉयल्टी दोन्ही बाजूंच्या गीतकार-प्रकाशकांना सारखीच मिळे. त्यामुळे मागच्या बाजूवर आपले गाणे लागावे म्हणून प्रकाशकांची धडपड असे.

आता जूकबॉक्स. 1950 मध्ये सीबर्ग कंपनीने 45 च्या तबकड्यांसाठी जे यंत्र काढले, त्यात पन्नास तबकड्या उभ्या रचलेल्या असत आणि यंत्र हवी ती बाजू वाजवी. म्हणजे निवडीला शंभर गाणी. प्रत्येक तबकडीसाठी एक छापील चिठ्ठी : वर ए-साइडच्या गाण्याचे नाव, मध्ये गायकाचे, खाली बी-साइडच्या गाण्याचे. दोन्हींची बटणे वेगळी, नाणे तेवढेच. गिऱ्हाइकाला कंपनीची पसंती ठाऊक नसे आणि तिची त्याला पर्वाही नसे.

गाण्याची घडण इथूनच बदलते. नाणे टाकणाऱ्यापुढे फक्त नावांची यादी असते. रेडिओवर ऐकलेले गाणे त्याला तिथे सापडायचे, तर नाव ध्रुवपदातच हवे आणि ते पुन्हा पुन्हा कानावर पडायला हवे. लांबीमागे दोन कारणे होती. जूकबॉक्सवाल्याची कमाई तासाला किती गाणी वाजली यावर, म्हणून लहान गाणे त्याच्या फायद्याचे. दुसरे कारण तबकडीतले : आवाज, विशेषतः खर्ज, जितका जोरकस, तितकी सुईची खाच जास्त डुलते आणि जास्त जागा खाते. सात इंचांत चार-पाच मिनिटे बसवता येतात, पण मग आवाज बारीक ठेवावा लागतो. गजबजलेल्या बारमध्ये तो ऐकू येणार नाही. गाणे आखूड ठेवले की ते मोठ्या आवाजात कोरता येते.

बिल हेलींचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ या मापात चपखल बसते. दोन मिनिटे आठ सेकंदांत सगळे आटोपते. लांबलचक वाद्यवृंदाची सुरुवात नाही. घड्याळाचे तास मोजतच आवाज येतो आणि शीर्षक लगेच कानावर पडते. 12 एप्रिल 1954 ला न्यूयॉर्कमधल्या पिथियन टेंपलमध्ये डेक्का कंपनीसाठी ते मुद्रित झाले. निर्माते मिल्ट गेबलर यांनी बहुतेक वेळ ‘थर्टीन विमेन’ या ए-साइडवर खर्च केला. ‘रॉक अराउंड द क्लॉक’च्या वाट्याला शेवटचा थोडा वेळ आणि दोनच टेक आले. मे महिन्यात तबकडी निघाली, बेताचीच चालली.

मग 1955 मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर ते वाजले. चित्रपटातले नट ग्लेन फोर्ड यांचा शाळकरी मुलगा पीटर याच्याकडे ही तबकडी होती आणि त्याला मागची बाजूच आवडे. तीच पुढे दिग्दर्शकाच्या कानी पडली, असे पीटर फोर्ड यांनी सांगितले आहे. जुलैत गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. कंपनीला नवे काही मुद्रित करावे लागले नाही. पुढची बाजू कोणती, एवढेच श्रोत्यांनी बदलले.

एक गोष्ट मला खटकते, ती सांगतोच. 1909 च्या अमेरिकी कायद्यात नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांना वादनाच्या रॉयल्टीतून सूट होती. जूकबॉक्सवर हजार वेळा गाणे वाजले तरी रचणाऱ्याला मिळत ते तबकडी विकत घेतली तेव्हाचे दोन सेंटच, तेही वाटून. ही सूट 1976 च्या कायद्याने गेली, तोवर तो काळ सरला होता.

आपल्याकडे 45 ची तबकडी बहुतेकांनी पाहिली ती ईपीच्या रूपात : चित्रपटाची चार गाणी, प्रत्येक बाजूला दोन. तिथे एका गाण्यामागे दुसरे लपण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून ‘बी-साइड’ हा शब्द आपल्या बोलण्यात फारसा रुळला नाही. मराठीत लिहिताना मी ‘मागच्या बाजूचे गाणे’ म्हणेन. ‘दुय्यम गाणे’ मात्र म्हणणार नाही.